थंबनेल अडतं कुठे?

यूट्यूबवर स्वतः बनवलेलं थंबनेल चढवलं आणि ते दिसलं नाही, की बहुतेक चॅनेलवाले तीच फाइल पुन्हा चढवतात. मग आणखी एकदा. मग रंग बदलून, नाव बदलून, दुसऱ्या फोनवरून. यातून प्रश्न सुटत तर नाहीच, उलट एक नवा उभा राहतो. एका चॅनेलने दिवसाला किती थंबनेलं चढवावीत यावर यूट्यूबची मर्यादा आहे. ती संपली की दैनंदिन मर्यादा ओलांडल्याचा संदेश येतो आणि 24 तास थांबावं लागतं. म्हणजे मूळ अडचण समजा फाइलच्या प्रकाराची होती, पण आता ती फाइल दुरुस्त केली तरी उद्यापर्यंत जाणार नाही. म्हणून आधी अडचण कुठे आहे ते शोधायचं आणि मगच फाइलला हात लावायचा.

शोधायला जावं तर पहिला गोंधळ असा, की यूट्यूब स्टुडिओत थंबनेलच्या स्थितीसाठी वेगळं पानच नाही. कुरिअरच्या पाकिटासारखं 'आता इथे पोहोचलं' असं कुणी सांगत नाही. चित्र चार टप्प्यांतून जातं. आधी तुमच्या खात्याला ते चढवण्याची परवानगी आहे का, मग फाइल वाचता येते का, मग ते नियमांत बसतं का आणि शेवटी ते जगभरच्या पडद्यांवर पोहोचलं का. प्रत्येक टप्प्याची खूण वेगळ्या जागी दिसते. लोक या चारही अडचणींना 'पेंडिंग आहे' असं एकच नाव देतात आणि तिथेच घोळ होतो.

परवानगीची गोष्ट लवकर संपते. नव्या चॅनेलला स्वतःचं थंबनेल चढवता येत नाही. व्हिडिओतून यूट्यूबने आपोआप निवडलेल्या चित्रांपैकी एक घ्यावं लागतं. फोन नंबरची पडताळणी झाली की ही सोय मिळते. `youtube.com/verify` या पत्त्यावर गेलं की एसएमएसने किंवा फोन कॉलवर कोड येतो. एका नंबरवर वर्षभरात दोनच चॅनेलांची पडताळणी होते. घरात तीन भावंडांची तीन चॅनेलं एकाच नंबरवर असतील, तर तिसऱ्याला इथेच अडकायला होतं. स्थिती पाहायची जागा म्हणजे स्टुडिओतलं Settings, त्यात Channel आणि त्यात Feature eligibility. तिथे सोयींच्या तीन पायऱ्या दिसतात. आपलं थंबनेल मधल्या, म्हणजे Intermediate features या पायरीत येतं. त्या ओळीसमोर सोय चालू असल्याची खूण नसेल, तर पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही.

फोनची पडताळणी झालेली असूनही ही सोय एकाएकी गेलेली दिसू शकते. त्याचं कारण तिसऱ्या टप्प्यात आहे, ते पुढे येईलच.

आता फाइल. यूट्यूबला हवं असलेलं चित्र 1280 बाय 720 पिक्सेलचं, म्हणजे 16:9 प्रमाणातलं. रुंदी किमान 640 पिक्सेल. प्रकार जेपीजी, पीएनजी किंवा जीआयएफ. वर्षानुवर्षं वजनाची मर्यादा 2 एमबी होती. ऑक्टोबर 2025 मध्ये यूट्यूबने ती 50 एमबीपर्यंत वाढवत असल्याचं जाहीर केलं, कारण आता मोठ्या टीव्हीवर यूट्यूब पाहणारे वाढले आहेत आणि तिथे 4के चित्र लागतं. तरीही मी 2 एमबीच्या आतच राहायला सांगेन. संगणकावरून असो, फोनवरून असो की एखाद्या शेड्यूलिंगच्या ॲपमधून, तेवढ्या वजनाची फाइल कुठल्याही वाटेने जाते.

हे 2 एमबीचं गणित एकदा करून पाहावं, म्हणजे चित्र का अडतं ते कळतं. 1280 गुणिले 720 म्हणजे 9,21,600 पिक्सेल. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले, तर दाबलं नसताना चित्र साधारण 27 लाख 65 हजार बाइटचं होतं, म्हणजे 2 एमबीच्या वर. पीएनजी हा प्रकार चित्रातली माहिती न गमावता दाबतो. सपाट रंग आणि मोठी अक्षरं असली तर तो फाइल खूप लहान करतो. पण मागे झाडं, गर्दी, उसाचं शेत असा बारीक तपशिलाचा फोटो असेल तर त्याची मात्रा फारशी चालत नाही. त्यातच डिझाइनच्या ॲपने चित्र 1920 बाय 1080 मध्ये काढून दिलं, तर मूळ आकडा 62 लाख बाइटांवर जातो आणि फोटो असलेली पीएनजी 2 एमबी सहज ओलांडते. तेच चित्र जेपीजीमध्ये 85 टक्क्यांच्या आसपास दर्जा ठेवून काढलं, तर ते बहुधा काहीशे केबीत बसतं आणि फोनच्या पडद्यावर डोळ्याला फरकही कळत नाही. थंबनेलमध्ये फोटो असेल तर जेपीजी, नुसती अक्षरं आणि आकृत्या असतील तर पीएनजी, एवढं धरून चाललं तरी वजनाच्या बहुतेक अडचणी उरत नाहीत.

फाइलच्या प्रकाराचा एक सापळा मात्र वारंवार दिसतो. आयफोनने काढलेला फोटो पुष्कळदा एचईआयसी प्रकारात असतो आणि वेबसाइटवरून उतरवलेलं चित्र वेबपी. कुणीतरी सांगतं, 'शेवटी `.jpg` लाव, चालेल.' पण नाव बदलल्याने आतली मांडणी बदलत नाही. सर्व्हर फाइलच्या आतले बाइट वाचतो आणि ते जेपीजीचे नाहीत असं दिसलं की ती नाकारतो. अशी फाइल एखाद्या फोटो ॲपमध्ये उघडून जेपीजी म्हणून नव्याने साठवावी लागते.

या टप्प्यावरच्या नकाराची खूण अगदी ठरलेली आहे. तो तिथल्या तिथे येतो, म्हणजे फाइल निवडताक्षणी किंवा Save दाबल्यावर काही सेकंदांत. तासाभराने आलेला नकार फाइलमुळे नसतो. जे लोक चॅनेलचं काम प्रोग्राम लिहून करतात, त्यांना हा नकार नेमक्या शब्दांत मिळतो. यूट्यूबच्या एपीआयमध्ये थंबनेल बसवण्याची आज्ञा `thumbnails.set` अशी आहे. चित्र वाचता आलं नाही तर ती `invalidImage` असं उत्तर देते. त्या व्हिडिओवर तुमचा अधिकार नसेल तर `forbidden`, व्हिडिओच सापडला नाही तर `videoNotFound` आणि थोड्या वेळात फार चित्रं चढवली असतील तर `uploadRateLimitExceeded`. थंबनेल लावून देणारं एखादं ॲप नुसतंच 'अपयशी' म्हणत असेल, तर त्याच्या नोंदींमध्ये या चारपैकी कुठला शब्द आहे ते पाहावं. शेवटचा असेल तर चित्रात काहीच खोट नाही, फक्त थांबायचं आहे.

आता आधी चौथा टप्पा, खऱ्या अर्थाने 'पेंडिंग' म्हणावी अशी अवस्था. फाइल स्वीकारली गेली, चूक दाखवली नाही, स्टुडिओत नवं चित्र दिसतंय, पण मित्राच्या फोनवर अजून जुनंच आहे. आपल्याकडे सर्वांत जास्त घबराट याची होते आणि बहुतेक वेळा यात बिघडलेलं काहीच नसतं.

यूट्यूब प्रत्येक व्हिडिओच्या थंबनेलच्या वेगवेगळ्या मापांच्या प्रती ठेवतं आणि त्या `i.ytimg.com` या पत्त्यावरून वाटल्या जातात. व्हिडिओच्या लिंकमध्ये `v=` नंतर येणारा अकरा अक्षरांचा सांकेतिक क्रमांक माहीत असला, की या प्रती थेट पाहता येतात:

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/maxresdefault.jpg
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/hqdefault.jpg
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/mqdefault.jpg
```

`VIDEO_ID` च्या जागी आपला क्रमांक घालायचा. पहिली प्रत 1280 बाय 720 ची, दुसरी 480 बाय 360 ची, तिसरी 320 बाय 180 ची. थंबनेल बदललं तरी हे पत्ते तेच राहतात, फक्त त्यांच्या मागचं चित्र बदलतं. त्यामुळे ज्या ब्राउझरने किंवा ॲपने काल ते चित्र उतरवून स्वतःजवळ ठेवलं, त्याला आज नवं आणण्याचं कारण वाटत नाही. पत्ता तोच, मग जवळचंच दाखवू, असा त्याचा हिशेब. वाटेतले साठे करणारे सर्व्हरही असंच वागतात. हे साठे जसजसे जुने होऊन ताजे होतात, तसतसं नवं चित्र सगळीकडे पसरतं.

म्हणून तपासणी खासगी, म्हणजे इनकॉग्निटो खिडकीत करावी. तिथे ब्राउझरचे जुने साठे नसतात. तिथे वरचा पहिला पत्ता उघडून नवं चित्र दिसलं, तर यूट्यूबचं काम झालेलं आहे आणि उरलेला उशीर पाहणाऱ्याच्या यंत्राचा किंवा वाटेतल्या साठ्यांचा आहे. पहिल्या पत्त्यावर नुसतं राखाडी, छोटं चित्र आलं, तर त्या व्हिडिओसाठी मोठ्या मापाची प्रतच नाही. अशा वेळी आपण चढवलेलं मूळ चित्र लहान होतं का, ते आधी पाहावं.

व्हॉट्सॲपचं प्रकरण वेगळं आहे आणि ते समजून घेतलं नाही तर उगाच डोकं फुटतं. तिथे लिंकखाली दिसणारं चित्र पाठवणाऱ्याचा फोन पाठवतानाच तयार करतो आणि ते संदेशाबरोबर जातं. तुम्ही सकाळी गावच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि दुपारी थंबनेल बदललं, तर त्या सकाळच्या संदेशात जुनंच चित्र राहणार. कायमचं. त्याचा यूट्यूबच्या स्थितीशी काही संबंध नाही.

एकाच वेळी कुणाला नवं आणि कुणाला जुनं दिसण्याचं आणखी एक कारण असतं. 2024 पासून यूट्यूबने पुष्कळ चॅनेलांना Test & compare ही सोय दिली. तीत एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेलं लावता येतात, ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवली जातात आणि कुठल्यामुळे जास्त वेळ पाहिलं गेलं ते मोजलं जातं. ही चाचणी दोन आठवड्यांपर्यंत चालू शकते. चॅनेल दोघांतिघांचं असेल आणि त्यातल्या एकाने ती सुरू करून ठेवली असेल, तर इतरांना वाटतं की थंबनेल अडकलंय.

आणि एक साधी गोष्ट. संगणकावरच्या स्टुडिओत थंबनेल निवडलं की ते लगेच चौकटीत दिसतं, पण वर उजवीकडचं Save दाबेपर्यंत ते फक्त तुमच्या पडद्यावर असतं. पान बंद केलं की गेलं. चित्र साठवलं गेलंय की नाही याची पक्की खातरजमा करायची असेल, तर एपीआयमध्ये एक ओळ आहे आणि ती फक्त व्हिडिओच्या मालकाला दिसते. आपल्या खात्याने अधिकृत करून ही विनंती केली:

```
GET https://www.googleapis.com/youtube/v3/videos?part=contentDetails&id=VIDEO_ID
```

की उत्तरात `hasCustomThumbnail` असा शब्द येतो. त्यापुढे `true` असेल तर यूट्यूबच्या दप्तरी तुमचं चित्र लागलेलं आहे आणि दिसत नसेल तर दोष साठ्यांचा. `true` नसेल तर ते कधी साठवलंच गेलं नाही किंवा लागलं होतं आणि नंतर काढून टाकलं गेलं. प्रोग्राम न लिहिणाऱ्यालाही गूगलच्या एपीआय दस्तऐवजांच्या पानावरूनच ही विनंती करून पाहता येते. `part` मध्ये `processingDetails` मागितलं, तर त्या भागात `thumbnailsAvailability` असा एक शब्द येतो, त्याने फसू नये. तो यूट्यूब व्हिडिओतून स्वतः काढतं त्या चित्रांबद्दल आहे, तुमच्या चित्राबद्दल नाही.

'काढून टाकलं गेलं' म्हणजे तिसरा टप्पा, नियमांचा. इथे वेळ फार महत्त्वाची, कारण नियमांमुळे येणारा नकार नंतर येतो. चित्र आधी लागतं, लोकांना दिसतं आणि मग नाहीसं होतं. त्या जागी व्हिडिओतलं आपोआप निवडलेलं चित्र येतं. चॅनेलवाल्याला वाटतं, यूट्यूब बिघडलं.

एक प्रसंग धरू. सर्पमित्र असलेला एक तरुण घोणस चावल्यावर काय करावं, यावर व्हिडिओ बनवतो. मजकूर उत्तम आहे. बांधू नका, कापू नका, शोषू नका, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात लवकर न्या. घोणसाच्या विषाने सूज चढते, फोड येतात, मांस सडू शकतं. लोकांना गांभीर्य कळावं म्हणून तो थंबनेलवर तशाच एका हाताचा जवळून घेतलेला फोटो लावतो, रक्तासह. संध्याकाळी चित्र लागतं. दुसऱ्या दिवशी ते गायब. तो तेच पुन्हा चढवतो.

त्याने आधी जाऊन पाहायला हवं होतं ते स्टुडिओच्या Content यादीतल्या Restrictions या स्तंभात. व्हिडिओवर काही बंधन आलं असेल तर तिथे शब्द दिसतो आणि त्यावर माउस नेला की कारण व तपशिलाची लिंक उघडते. इशारा किंवा स्ट्राइक असेल तर स्टुडिओच्या पहिल्या पानावरही त्याचा चौकोन येतो आणि चॅनेलच्या ईमेलवर पत्र जातं. हे ईमेल पाहायचं राहून जातं, कारण चॅनेल कुठल्या जुन्या पत्त्यावर उघडलं होतं तेच पुष्कळांना आठवत नाही.

यूट्यूब थंबनेलमध्ये ज्या गोष्टी नाकारतं त्यात नग्नता व लैंगिक उत्तेजक चित्रं, द्वेष पसरवणारा मजकूर, हिंसा आणि घातक किंवा धोकादायक गोष्टी येतात. सर्पमित्राच्या व्हिडिओला शैक्षणिक हेतूचा आधार आहे आणि यूट्यूब तो विचारात घेतं. पण थंबनेल एकटं दिसतं. ते व्हिडिओ न उघडणाऱ्यासमोर, स्क्रोल करणाऱ्या मुलासमोरही येतं. तिथे सोबत समजावणारा आवाज नसतो. म्हणून व्हिडिओत चालून जाणारं दृश्य थंबनेलवर चालत नाही. इथे मला यूट्यूबची बाजू योग्य वाटते. त्या तरुणाने जखमेऐवजी घोणसाच्या पाठीवरचे साखळीसारखे गोल ठिपके दाखवले असते, तर शेतकऱ्याला साप ओळखताही आला असता.

पहिल्या चुकीला सहसा इशारा मिळतो. यूट्यूब एक छोटं प्रशिक्षण देऊ करतं. ते पूर्ण केलं आणि पुढच्या 90 दिवसांत तोच नियम मोडला नाही, तर इशारा निघून जातो. त्यानंतरची पायरी स्ट्राइकची. पहिल्या स्ट्राइकला आठवडाभर नवे व्हिडिओ चढवता येत नाहीत, थेट प्रक्षेपण करता येत नाही आणि स्वतःचं थंबनेलही लावता येत नाही. 90 दिवसांत दुसरा मिळाला तर हीच बंदी दोन आठवडे आणि तिसऱ्याला चॅनेल बंद. शिवाय थंबनेलचे नियम वारंवार मोडले तर फक्त थंबनेलची सोय 30 दिवसांसाठी काढून घेतली जाऊ शकते. मघाशी म्हटलेली, पडताळणी होऊनही एकाएकी गेलेली सोय ती हीच. सर्पमित्राने तेच चित्र पुन्हा चढवलं म्हणजे नियम दुसऱ्यांदा मोडला. नाकारलेलं चित्र जसंच्या तसं परत चढवणं ही या साऱ्यातली सर्वांत महाग चूक आहे. व्हिडिओ पुसून टाकूनही स्ट्राइक जात नाही.

भारतातल्या चॅनेलांनी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवावी. डिसेंबर 2024 मध्ये यूट्यूबने फसव्या शीर्षकांवर आणि थंबनेलांवर कारवाई कडक करण्याचं जाहीर केलं आणि त्याची सुरुवात भारतापासून केली. थंबनेलवर एखाद्या मंत्र्याचा राजीनामा जाहीर करायचा आणि व्हिडिओत त्याचं नावही नसायचं, असे ताज्या घडामोडींवरचे प्रकार त्यात मुख्यतः येतात. सुरुवातीला असे व्हिडिओ स्ट्राइक न देता काढले जातील, असं तेव्हा सांगण्यात आलं. या प्रकारात चित्र स्वच्छ असतं, रक्त नाही, नग्नता नाही, आणि तरी व्हिडिओच जातो. आपल्याकडच्या बातम्यांच्या छोट्या चॅनेलांना याचा अर्थ अजून पुरता उमगलेला दिसत नाही.

नकारासारखीच वाटणारी, पण वेगळी गोष्ट म्हणजे पैशांच्या स्तंभातली पिवळी खूण. जाहिरातींसाठीचे नियम थंबनेललाही लागू असतात. चित्र थोडं अंगावर येणारं असेल, तर ते लागलेलं राहतं, सर्वांना दिसतं, पण जाहिराती कमी होतात. Restrictions मध्ये काही नसेल आणि फक्त Monetization मध्ये पिवळी खूण असेल, तर थंबनेल नाकारलेलं नाही.

कारवाई चुकीची वाटली तर तिच्याच तपशिलातून अपील करता येतं. एका स्ट्राइकवर अपील एकदाच होतं, म्हणून ते रागाच्या भरात लिहू नये. चित्रात नेमकं काय आहे, व्हिडिओच्या कितव्या मिनिटाला त्याचं स्पष्टीकरण येतं आणि ते कुणासाठी आहे, एवढं दोनतीन साध्या वाक्यांत लिहावं आणि उत्तर येईपर्यंत ते चित्र पुन्हा लावू नये.

तेव्हा पुढच्या वेळी थंबनेल दिसलं नाही, तर आधी घड्याळाकडे पाहा. नकार सेकंदांत आला असेल तर फाइल किंवा खातं तपासा. काही तासांनी चित्र गेलं असेल तर Restrictions उघडा. काहीच नकार नसेल आणि खासगी खिडकीत `maxresdefault.jpg` वर नवं चित्र दिसत असेल, तर हात बांधून बसा. तिथे करण्यासारखं काही नाही.